कोऱ्या फळ्याचा शेरा

आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजातल्या विभागप्रमुखांना तास तपासायची एकच रीत माहीत होती. दारातून फळा बघायचा. फळा भरलेला असला की तास झाला. त्या दिवशी फळा कोरा, पोरं चौघाचौघांच्या गटात भांडतायत आणि मी मागच्या बाकावर कुणाच्या तरी वहीत वाकलेला. त्यांनी रजिस्टरात लिहिलं : ‘तास घेतला नाही.’ मी कंत्राटी. असे शेरे साठले की पुढच्या वर्षी नोकरी नाही.

मी व्याख्यान पोरांच्या घरी धाडलं होतं. दहा मिनिटांचे व्हिडिओ. नेट पुरत नसेल त्याला पेनड्राइव्हवर. वर्गात आल्याआल्या छोटी चाचणी, मग तासभर गणितं. सुरुवातीला निम्मी पोरं व्हिडिओ न बघताच यायची आणि चाचणीत उघडी पडायची. मी पुन्हा शिकवत बसलो नाही. तिसऱ्या आठवड्यात बघून यायला लागली.

शेऱ्याबद्दल स्टाफरूममध्ये विचारलं, तर साहेब म्हणाले, “पोरांनी एकमेकांना शिकवायचं आणि पगार तुम्ही घ्यायचा, लई भारी की!” सगळे हसले.

डोकं फिरलं होतं. पण लहानपणी कन्नड गावच्या बाजारात मेंढरं विकलीत. ओरडलं की भाव पडतो, एवढं कळतं.

“सर, पेपर तुम्हीच काढा. दोन्ही तुकड्यांना एकच. तुमच्या तुकडीचा मी तपासतो, माझ्या तुकडीचा तुम्ही. माझी पोरं वर राहिली तर शेरा खोडायचा.”

ते लगेच ‘हो’ म्हणाले. दुसऱ्या तुकडीला हाच विषय ते शिकवायचे. पहिल्या वर्षाचे गुण बघून हुशार पोरं त्यांनी आधीच आपल्या तुकडीत घेतली होती. मला ठाऊक होतं. मुद्दामच बोललो नाही. हरल्यावर त्यांना सबब उरू नये.

व्याख्या लिहिण्यात त्यांची पोरं पुढं राहिली. गणितांत माझी, आणि बरीच; एकूण बेरजेतही माझीच वर. त्यांच्या कितीतरी पोरांनी अवघड गणिताला हातच लावला नव्हता. त्यांनी शेरा खोडला, सही केली, वर म्हणाले, “ते व्हिडिओ माझ्या तुकडीलाही द्या.”

“देतो. आधी आठवडाभर माझ्या तासाला या. पोरांच्या गटात बसायचं.”

आले. मी त्यांना पाचोडच्या एका मुलीच्या गटात बसवलं. जूनमध्ये हजेरीलासुद्धा तिचा आवाज ऐकू येत नसे. दोन्ही टोकांना आधार असलेली सहा मीटरची तुळई, डाव्या टोकापासून दोन मीटरवर बारा किलोन्यूटन भार; कुठल्या आधारावर किती येतो ते काढायचं. साहेबांनी घाईत डाव्या आधाराला चार लिहिले, उजव्याला आठ.

“सर, उलटं झालं,” मुलगी म्हणाली. “भार डावीकडं जवळ हाय ना? मग डाव्या आधारावर जास्त येणार. आठ.”

“बघू, बघू,” ते पुटपुटले.

“बघायचं काय त्यात? उजव्या टोकाभोवती मोमेंट घ्या, भार तिथून चार मीटरवर. बारा चोक अठ्ठेचाळीस, भागिले सहा.”

गटातली पोरं हसली. साहेबांनी मान वर करून माझ्याकडं बघितलं. मी शेजारच्या गटाची वही उचलली आणि ती अगदी सावकाश वाचत राहिलो.