पहाटेचं स्वप्न आणि लाँचचा धक्का

आमच्याकडे पहाटेचं स्वप्न खरं होतं. म्हणजे तसं म्हणतात, आणि मी त्या म्हणण्यातच वाढले. त्यामुळे लेक धक्का आणि लाँच यांच्या मधल्या फटीत पडते, हे स्वप्न मला कायम उजाडायच्या सुमारास पडतं, हे लक्षात आल्यावर माझी पाचावर धारण बसली.

मूळ प्रसंग अगदी साधा होता. नवऱ्याच्या कंपनीने आम्हाला कोलकात्याला पाठवलं तेव्हा लेक सहा वर्षांची होती. हावड्याहून लाँचने परत येताना, उतरताना तिचा पाय सटकला. शेजारच्या एका बाईंनी दंडाला धरून तिला वर ओढलं. एक सँडल नदीत गेली, बस्स. लेकीला आज ते आठवतही नाही. मी मात्र स्वप्नात तिचा हात धरून उभी असते, लाँच मागे सरकते, फट रुंदावते, हात सुटतो. ती कायम सहाच वर्षांची असते. मी ओरडते आणि आवाज फुटत नाही.

वर्षानुवर्षं हे अधूनमधून पडायचं. पण लेक बारावी झाली, तिला हवा तो विषय हावड्याच्या बाजूच्या कॉलेजात मिळत होता, रोज नदी ओलांडून जायचं ठरू लागलं, आणि स्वप्न दर एक-दोन दिवसांनी यायला लागलं. बसने जा म्हटलं तर पुलावरच्या गर्दीत अर्धा दिवस जायचा. मी सरळ सांगून टाकलं, "त्या कॉलेजात जायचं नाही. इकडे जवळ दुसरं आहे ना!"

"तिथे माझा विषयच नाहीये, आई!"

"मग दुसरा घे."

"धुत्!" असं अस्सल बंगाली फणकाऱ्यात म्हणून तिने दार आपटलं आणि माझ्याशी बोलणंच टाकलं. सांगलीहून सासूबाई फोनवर म्हणाल्या, "पहाटेचं आहे गं, पाण्यापासून जप तिला." नवरा म्हणाला, "मनी वसे ते स्वप्नी दिसे. तू दिवसभर तेच चघळत बसतेस." मी त्याच्यावर अशी काही उखडले की तो चहा तसाच टाकून ऑफिसला गेला. खरं तर मी झोपायलाच घाबरत होते.

शेवटी आमच्या डॉक्टरांनी गडियाहाटजवळच्या एका मानसोपचारतज्ज्ञ बाईंकडे पाठवलं. बंगाली बाई, वयाने माझ्याहून लहान. आम्ही हिंदीत बोललो. झोप कशी आहे, घोरते का, औषधं कुठली, सगळं विचारून झालं. मी पहाटेचं सांगितलं तेव्हा त्या हसल्या नाहीत, हे मला आवडलं. म्हणाल्या, "रात्रीच्या शेवटच्या भागात स्वप्नं लांब पडतात आणि त्यातून जागही येते, म्हणून ती लक्षात राहतात. जवळजवळ सगळ्यांचीच वाईट स्वप्नं पहाटेची असतात. सगळी खरी झाली असती तर कोलकाता शिल्लक राहिलं असतं का?"

मग उपाय सांगितला. स्वप्न एकदा लिहायचं. त्यात हवा तो बदल करायचा, कुठलाही. आणि ते बदललेलं स्वप्न रोज जागेपणी, थोडा वेळ, डोळ्यांसमोर आणायचं. तेच ते स्वप्न पडून पडून मनाला त्याची सवय लागते. जागेपणी दुसऱ्या शेवटाचा सराव केला तर पुष्कळांच्या बाबतीत ती सवय सैल पडते. "लगेच नाही हं. आठवडे लागतात. आणि सगळ्यांना सारखाच गुण येतो असंही नाही."

मनात म्हटलं, डोंबल! स्वप्नं काय अशी शिवणकामासारखी उसवून पुन्हा शिवता येतात? पण घरी येऊन मनापासून लागले. आणि केलं काय, तर लहानपणी दिवेलागणीला परवचा म्हणायचो ना, तसं देवापुढे दिवा लावून मांडी घालून बसायची आणि पहिल्यापासून सगळं स्वप्न घोकायची. धक्का, फट, सुटलेला हात, सगळं इमानदारीत. आणि शेवटी एक ओळ जोडायची: मी हात आणखी घट्ट धरला, ती वाचली. आमचं पाठांतर म्हणजे पाठांतर, एक ओळ गाळायची नाही. झालं! स्वप्न रोज पडायला लागलं.

मी तणतणत बाईंकडे गेले. "तुमच्या उपायाने वाढलंय!"

मी काय काय करते ते त्यांनी मला करून दाखवायला सांगितलं. मी दोन वाक्यं म्हटली असतील, त्यांनी हात वर केला. "थांबा, थांबा. तुम्ही जुन्याचाच सराव करताय. जुनं अजिबात घोकायचं नाही. सुरुवातीपासून नवंच बघायचं. त्रास व्हायला लागला तर डोळे उघडायचे, थांबायचं." मग म्हणाल्या, "आणि हात घट्ट धरलात, तर भीती तिथेच राहिली ना? तुम्हाला नक्की काय घडायला हवंय?"

ती वाचायला हवी, एवढंच मी धरून बसले होते. त्यापुढे काय? जन्मभर धक्क्यावर हात धरून उभं राहायचं?

त्यांच्यासमोरच नवं स्वप्न रचलं. त्यात लेक आत्ताएवढी आहे, माझ्याहून बोटभर उंच. ऊन आहे. पाठीला सॅक. ती एकटी लाँचमध्ये चढते. मी धक्क्यावर बाकावर बसून भेळेसारखी झालमुडी खातेय, तिखट जास्त झालंय म्हणून हाशहुश करतेय. लाँच पलीकडे पोचते. एवढंच. रचताना मला रडू आलं, का ते कळलं नाही.

रोज दुपारी जेवणानंतर खिडकीशी बसून मी ते बघायची. सुरुवातीला लाँच हलली की पुढे बघवायचं नाही; डोळे उघडायची, पाणी प्यायची, पुन्हा पहिल्यापासून. काही आठवड्यांत जुनं स्वप्न विरळ झालं. गेलं नाही. पण एकदा पडलं तेव्हा तोच धक्का, तीच फट, आणि माझ्या हातात मोठ्या मुलीचा हात. ती वैतागून म्हणाली, "आई, सोड ना, दुखतंय." मी जागी झाले ती न ओरडता. त्या दिवशी नाश्त्याला लेकीला म्हटलं, "घे तुझ्या कॉलेजात प्रवेश." ती पोह्यांची बशी तशीच ठेवून माझ्या गळ्यात पडली.

पहिल्या दिवशी मी धक्क्यापर्यंत गेले. लेक नको नको म्हणत होती, तरी गेले. लाँच लागली, माणसं भराभर उड्या टाकून आत गेली. लेक कडेपर्यंत गेली आणि थांबली. खाली गढूळ पाणी आपटत होतं. ती वळली, चेहरा पांढराफटक. महिनोन्‌महिने माझ्याशी भांडलेली माझी लेक, हळूच म्हणाली, "आई, मला भीती वाटतेय."

अकरा वर्षं माझ्याच भीतीच्या सावलीत वाढली होती ती. दुसरं काय शिकणार होती?

माझा हात तिच्याकडे निघालाच होता. मी तो पदरात घट्ट गुंडाळला. "वाटू दे," मी म्हटलं, "मलाही वाटतेय. समोर बघ आणि पाय टाक."

तिने पाय टाकला.

लाँच सुटली तशी मी तिथेच मटकन बाकावर बसले आणि ती पलीकडच्या काठाला लागेपर्यंत पदर सोडला नाही.