बाबांचा कागद माझ्या पर्समध्ये होता

ज्येष्ठ नागरिक मंडळाच्या सचिव काकूंचा फोन आला, तेव्हा मी हो म्हटलं. विषय त्यांनीच ठरवला होता: आयुष्याच्या शेवटी कोणते उपचार नकोत, हे आधी लिहून ठेवण्याचा कागद. "तुझ्या वडिलांचा तूच करून दिला होता ना? मग दुसरं कोण शोधू?" नाही म्हणायचं तर कारण द्यावं लागलं असतं. ते कारण बाबा गेल्यापासूनच्या दोन वर्षांत मी कुणालाही दिलं नव्हतं.

तयारी मी नेहमीसारखी केली. मुद्दे काढले, जाड अक्षरात छापले, मोठ्या अक्षरांचा नमुना चाळीस प्रती. माझ्या घरात किराण्यापासून श्राद्धापर्यंत सगळ्याची यादी असते आणि झालेल्या कामावर मी लगेच रेघ मारते. बाबांच्या कागदाचीही यादी होती. त्यांची फुप्फुसं आकसत चालली होती, बरं होण्यासारखं काही नाही, हे डॉक्टरांनी त्यांना स्पष्ट सांगितलं होतं. बाबा रेल्वेत हिशेबनिसाच्या हाताखाली आयुष्य काढलेला माणूस. घरी येऊन म्हणाले, शुद्ध आहे तोवर लिहून टाकू. इथला सरकारी कारभार हिंदीत, म्हणून मी हिंदीत मजकूर टाइप केला. दोन साक्षीदार, नोटरी, एक प्रत घरच्या डॉक्टरांना, एक महापालिकेत. तिथे ती कुणी घ्यायची हेच कुणाला ठाऊक नव्हतं. तीन टेबलं फिरून पोच मिळाली. सगळ्यावर रेघ.

एका ओळीवर नव्हती: 'भावाला सांगणे.'

निर्णयाच्या वेळी संमती द्यायला बाबांनी आम्हा दोघांची नावं घातली होती. धाकटा बंगळुरूला. "त्याला तू सांग," बाबा म्हणाले, "मी सांगितलं तर फोनवरच रडत बसेल." मी म्हटलं, सांगते. दिवाळीत तो आला तेव्हा घरात पाहुणे होते. होळीला तो माझ्याशी एका फालतू गोष्टीवरून भांडला. मग वाटलं, सावकाश सांगू. तो म्हणेल, तायडे, मला न विचारता तू बाबांकडून सही करून घेतलीस. त्या एका वाक्याला मी भ्यायले.

कार्यक्रम सकाळी, तात्यापारा या आमच्या जुन्या मराठी वस्तीतल्या सभागृहात. पोहे झाले होते. पहिल्या रांगेत बाबांचे रेल्वेतले मित्र, ज्यांना आम्ही काका म्हणतो, काठीवर दोन्ही हात ठेवून बसले होते. बाबांच्या कागदावर पहिल्या साक्षीदाराची सही त्यांचीच. ते येतील हे मी धरलं नव्हतं.

मी बोलत गेले. शुद्धीवर आहात, समजतंय, तोवर नको म्हणायचा हक्क तुमचाच, कागदाची गरज नाही. कागद लागतो तुम्ही बोलू शकत नसाल तेव्हा, आणि आजार बरा होण्यासारखा नसेल तेव्हाच. मशीन नको म्हणजे सेवा नको असं नव्हे. वेदनेचं, धाप लागण्याचं औषध शेवटपर्यंत मिळतं. एका गृहस्थांनी विचारलं, म्हणजे सुई देऊन मोकळं करतील का. मी सांगितलं, ते आपल्या कायद्यात नाही. एक आजी म्हणाल्या, सुनेच्या हाती कागद दिला तर ती उद्याच बोलावेल की डॉक्टरला. सगळे हसले. मी म्हटलं, सून एकटी काही करू शकत नाही. रुग्णालयाच्या डॉक्टरांचं एक मंडळ तपासतं, मग दुसरं, त्यात जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्यांनी नेमलेला डॉक्टर असतो. तुम्ही नाव दिलेल्या माणसांची संमती लागते आणि अंमल करण्याआधी दंडाधिकाऱ्यांना कळवतात. मन बदललं तर लेखी रद्द करता येतं.

पुढचा मुद्दा छापलेला होता: ज्यांची नावं घातली त्या सर्वांना सांगा. तो न वाचता मी पेला उचलला. पाणी प्यायले.

काकांनी काठी उचलली. "बाई, तुह्या बाबाच्या कागदावर मीनं सही केली होती. तो कामात आला का?"

त्यांना खरंच माहीत नव्हतं. त्या काळात ते मुलीकडे नागपूरला होते; परत आले तेव्हा तेरावं होऊन गेलं होतं.

मी हातातल्या छापलेल्या मुद्द्यांकडे पाहिलं. त्यांत हा प्रश्न धरलेला नव्हता.

"नाही आला," मी म्हटलं. "माझ्या पर्समध्ये होता. मी काढला नाही."

मग सांगावंच लागलं. बाबांना तेलीबांध्याकडच्या एका रुग्णालयात नेलं तेव्हा ते बेशुद्ध होते. भाऊ फोनवर होता: जे लागेल ते करा, मी निघतोय, मशीन लावा. डॉक्टर तरुण आणि समजूतदार होते. त्यांनी विचारलं, "दीदी, बाबूजी ने पहले से कुछ लिखकर रखा है?" त्या कागदाची निळी फाइल माझ्या मांडीवरच्या पर्समध्ये होती, घाईतसुद्धा मी ती घ्यायला विसरले नव्हते. काढली असती तर भावाला तिथेच, फोनवर कळलं असतं की वर्षभर मी लपवलं. मी म्हटलं, "नहीं." वाटलं, तो येईपर्यंतचाच प्रश्न आहे.

तो दुसऱ्या दिवशी आला. त्याने बाबांचा हात धरला आणि मला विचारलं, बाबा याबद्दल काही बोलले होते का गं? तेव्हाही मी नकारार्थी मान हलवली. एकदा नाही म्हटल्यावर हो म्हणायला जागाच उरली नाही. बाबा अकरा दिवस मशीनवर होते. नळी ओढू नये म्हणून त्यांचे हात पलंगाला पट्टीने बांधले होते. मी रोज सकाळी जाऊन गाठी सैल आहेत का बघत असे.

सुनेवरून बोललेल्या आजी चष्मा पुसत होत्या. काकांनी विचारलं, "अन् पोट्ट्याले अजून माहीत नाही?"

"नाही."

"मले काहून सांगून राहिली मग? मी तर नुसता साक्षीदार."

रागावून नव्हे, कामाचं बोलावं तसं ते बोलले. मग लोकांनी नमुन्याच्या प्रती घेतल्या. चाळीस पुरल्या नाहीत.

घरी येऊन मी निळी फाइल काढली आणि दोन्ही पानांचे फोटो भावाला पाठवले. खाली लिहिलं: हे बाबांनी केलं होतं. तुझं नाव आहे. तुला सांगायचं काम माझं होतं. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा हा माझ्याजवळ होता.

दुसऱ्या पानाच्या तळाशी, साक्षीदारांच्या सह्यांच्या वर, टाइप केलेल्या हिंदीखाली बाबांनी पेनाने मराठीत एक ओळ घातली होती: मुलगा पोचेपर्यंत म्हणून मला मशीनवर ठेवू नये, त्याने आल्यावर आधी जेवून घ्यावे.

तासाभराने भावाचा फोन आला. मी शिव्यांसाठी तयार होते; खरं तर त्या मला हव्या होत्या.

"दुसरं पान नीट दिसत नाही," तो म्हणाला. "पेनाने लिहिलंय ते. परत पाठव."

मी पान खिडकीशी उजेडात धरलं. वाऱ्याने कडा उडू लागल्या, म्हणून ते टेबलावर ठेवून त्याच्या कडांवर दोन वाट्या ठेवल्या आणि पुन्हा फोटो काढला.