नीळ टाकलेली टाकी

उदगीरला त्या उन्हाळ्यात दोनच विषय होते, वेगळा जिल्हा आणि पाणी. जिल्ह्याची पत्रकं मी लिहायची. लातूरला रेल्वेनं पाणी आल्याचं सगळ्या देशानं पाहिलं; आमच्या गल्लीत टँकर आला की नाही, हे बघायला कुत्रंही फिरकलं नाही. हे वाक्य मी पत्रकात घातलं होतं आणि जिल्हा मागणाऱ्या आमच्या समितीनं कुत्रं खोडलं होतं.

आम्ही वरच्या मजल्यावर भाड्यानं राहायचो, आई आणि मी. खाली घरमालक अप्पा, किराणावाले. गच्चीवरची टाकी दोन्ही घरांची. टँकरचं पाणी बोअरचं, जड. तांब्यात ठेवलं तरी पांढरी कड धरायचं.

आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं. तिला खाली बसता येत नव्हतं, बादली उचलता येत नव्हती. कमोड होता म्हणून ती आपलं आपण जाऊन यायची. त्याच कमोडमध्ये फ्लशच्या टाकीतून पाण्याची बारीक रेघ सारखी उतरत होती.

एका दुपारी समितीच्या धरण्याला निघाले तर जिन्यात अप्पा उभे.

"पोरी, सांच्याला तुमच्या संडासाचा व्हॉल्व्ह बंद करून टाकतो मी. गच्चीवरनं. दोन घरांचं पाणी मोरीत चाललंय."

"अप्पा, आईनं काय करायचं?"

"बादली भरून ठेव की."

"उचलायची कुणी?"

"ते मला काय विचारतीस. तुमची समिती हाय ना."

वर आले. आईनं ऐकलं होतं. तांब्या तिनं बाजूला सरकवून ठेवला होता. सकाळपासून ती घोटघोटच पीत होती, म्हणजे जायला नको. बाईमाणसानं पाणी प्यायचं सोडायचं, हा आपल्याकडचा जुना उपाय. मला संताप आला, आणि त्याहून जास्त भीती वाटली. मी धरण्याला गेले नाही. प्लंबरला फोन लावला, तो उचलेना.

फ्लशच्या टाकीचं झाकण काढलं. आत भिंतींना तांबूस-पांढरा थर, तरंगणाऱ्या फुग्याच्या दांडीवर खडबडीत पुटं. आधी पाणी बंद करायचं म्हणून टाकीखालचा अँगल कॉक धरला. हलेना. क्षारानं जाम झाला होता. पक्कड लावली, तर कुर्रकन आवाज आला आणि माझा हात थांबला. तो तुटला असता, तर गच्चीवरचं सगळं पाणी आमच्या संडासात आणि अप्पांच्या छतातून दुकानात आलं असतं.

"माय, वडू नको," आई दारातून म्हणाली. "जिल्हा नंतर मागा, आधी हे घर बुडवू नका."

पक्कड ठेवली. टाकीवर लाटणं आडवं टाकलं आणि फुग्याची दांडी उचलून त्याला सुतळीनं बांधली. धार थांबली, थेंब राहिले. आतलं पाणी मगानं काढून बादलीत साठवलं. तळाची, भांड्यात पाणी सोडणारी झडप सोडवली, तिचा रबरी वायसर काढला. खरा चोर तिथं होता: वायसरवर आणि तो टेकतो त्या कडेवर दगडासारखा थर. वायसर नीट टेकतच नव्हता.

"ते ॲसिड वत की," आई म्हणाली.

"नको. पितळ खातंय ते, आणि वासानं तुलाच खोकला यील."

स्वयंपाकघरात लिंबूफूल होतं, सरबतात घालायची आंबट पूड. कोमट पाण्यात विरघळवलं, जुन्या ओढणीच्या चिंध्या भिजवून कडेवर आणि भिंतींवर चिकटवल्या. बारीक फेस आला. तो फसफसता आवाज ऐकत मी बसले. बाहेर ऊन उतरत होतं. मग टूथब्रशनं घासलं. चाकू घ्यायची इच्छा होत होती, पण कडेला ओरखडा पडला असता तर कायमची गळती. सालपटं सुटून हातात आली, अंड्याच्या टरफलासारखी. वायसर पुसून, उलटा करून बसवला. साठवलेलं पाणी परत ओतलं आणि त्यात कपड्यांची नीळ टाकली. गळत असेल तर कमोड निळा होणार.

फ्लश करायचा नाही, नुसतं थांबायचं.

जिन्यात पावलं वाजली. अप्पा गच्चीकडं चालले होते.

"अप्पा, अर्धा तास द्या. निळं दिसलं तर बंद करा, मी अडवणार न्हाई."

अप्पांनी आत डोकावून बघितलं. "संडासात नीळ टाकायलीस?" ते म्हणाले, पण तिथंच खुर्ची ओढून बसले.

आम्ही तिघं पांढऱ्या भांड्याकडं बघत होतो. एकदा मला निळसर भास झाला, सावली होती. आई भिंतीला टेकून पाय बदलत होती.

"किती येळ ग?"

"थोडं थांब."

"जिल्हा कवाबी मिळू दे. मला आता जायचंय."

अप्पा चटकन उठले, मान वळवून जिन्याशी गेले. भांडं पांढरंच होतं. मी सुतळी सोडली आणि बाहेर आले.

आईनं दार लावलं. जरा वेळानं फ्लशचा आवाज आला, मग टाकी भरायचा. मी आणि अप्पा दोघंही ऐकत होतो. आवाज बारीक झाला आणि पुरता थांबला. मी अजून कान देऊन होते.

"थांबलं," अप्पा म्हणाले आणि वर न जाता खाली उतरले.

आईनं बाहेर येऊन हात धुतले, तांब्या उचलला आणि सगळा पिऊन टाकला.