पैलवानाचं पांढरं बनियन

गल्लीतली माणसं तिला तोंडावर ‘ताई’ म्हणतात आणि पाठीमागे ‘फौजदार’. धुलाई-इस्त्रीचं दुकान चालवणाऱ्या या बाईच्या नजरेतून एकही डाग सुटत नाही. या नावाचा तिला राग येत नाहीच, उलट मनातून भारी कौतुक आहे.

तिचा धाकटा भाऊ गवंडी. धिप्पाड, म्हणून ‘पैलवान’. टीबीने त्याचा पार सापळा केला, तेव्हा ताईने त्याला आपल्या घरी आणलं. सहा महिन्यांचं औषध सुरू झालं. पहिल्याच दिवशी लघवी नारिंगी झाली आणि एवढा मोठा गडी घाबरून गार पडला. दवाखान्यातली सिस्टर हसली, म्हणाली, “औषधाचा रंग आहे तो. घामातही दिसेल.” खरंच, पैलवानाच्या पांढऱ्या बनियनच्या बगलांना नारिंगी झाक यायला लागली.

दुसरा महिना सरत आला. ताप गेला, खोकला थांबला, अंग भरलं. पैलवान पुन्हा कामावर जाऊ लागला. एका सकाळी कपडे भिजवताना ताईचा हात थांबला. बनियन घामाने चिंब, पण झाक नाही. तिने आदल्या दिवशीचंही उजेडात धरून पाहिलं. तेही तसंच. दोन्ही बनियनं घेऊन ती पैलवानासमोर उभी राहिली.

“गोळ्या कधीपासून बंद केल्यास?”

“बंद? कोण म्हणतं?”

“तुझं बनियन म्हणतंय.”

पैलवान म्हणाला, “ताई, बरा झालोय गं मी. त्या गोळ्यांनी मळमळतं, सांधे ठणकतात, पायाला मुंग्या येतात. धडधाकट माणसाने कशाला गिळायच्या?”

ताईला रडू फुटलं. रडत रडतच तिने दुकान बंद केलं आणि त्याला दवाखान्यात नेलं.

सिस्टरने त्याची चांगलीच हजेरी घेतली. “खोकला गेला म्हणजे सगळे जंतू मेले नाहीत. उरलेत ते चिवट. आता थांबलास तर तेच पुन्हा उठतील, आणि या गोळ्यांना भीक घालणार नाहीत. मग औषध आणखी जड. त्रास होतो तर आम्हाला सांग ना, बाबा!”

डॉक्टरांनी त्याला तपासलं, थुंकी पुन्हा तपासायला पाठवली. मळमळीवर आणि सांध्यांवर औषध दिलं, मुंग्यांसाठी व्हिटॅमिनची गोळी दिली. डोळे पिवळे झाले किंवा नजर अंधूक झाली तर त्याच दिवशी यायला बजावलं. बुडालेले दिवस शेवटी भरून काढायचे ठरले.

त्यानंतर पैलवान रोज ताईसमोर गोळ्या घ्यायचा, जीभ बाहेर काढून दाखवायचा आणि कुरकुरायचा. सांधे मध्येच ठणकायचे. पण त्याने एकही गोळी चुकवली नाही; बनियनवरची नारिंगी झाकही परत आली. शेवटची थुंकी तपासली, त्यात जंतू नव्हते. डॉक्टर म्हणाले, औषध पूर्ण झालं, बरा झालास.

काही दिवसांनी ताईच्या हातात पुन्हा घामाने चिंब, पांढरंशुभ्र बनियन आलं. तिने ते उजेडात धरलं.

“फौजदारबाई, आता कुठला गुन्हा?” पैलवानाने दारातून विचारलं.

ताईने ते धुतलं, इस्त्री केली आणि गिऱ्हाइकांच्या कपड्यांच्या पुढे, रस्त्यावरून दिसेल असं टांगलं. दिवसभर जो येईल त्याला ती सांगत होती, “माझ्या भावाचं आहे.”