दोन नंबरची कॅन

आमच्या शेडमध्ये माझं पहिलं भांडण झालं ते ‘एक नंबर’ या शब्दाशी. नागपुरात चांगल्या गोष्टीला एक नंबर म्हणतात आणि दोन नंबरचा माल म्हणजे खोटा माल. आता प्लास्टिकच्या बुडाशी तीन बाणांचा त्रिकोण आणि त्यात आकडा छापणाऱ्यांना आमची ही बोली कुठून माहीत असणार? बायका एक नंबरच्या पाण्याच्या बाटल्या घरी नेऊन वर्षवर्ष वापरायच्या आणि दोन नंबरचे दणकट डबे नाक मुरडून पोत्यात फेकायच्या.

कोराडीकडे जाणाऱ्या रस्त्याला सुका कचरा वेगळा करण्याची ती शेड होती. वर पत्रा, समोरून दिवसभर कोळशाचे ट्रक. आम्ही अकरा जणी. मी बारावी सायन्स, म्हणून मला मॅडम म्हणत. बाकीच्यांना आकडे शिकवायचे आणि भरलेली पोती तपासायची, हे माझं काम. गुडघे तेव्हापासून दुखायला लागले ते अजून दुखतातच.

शिकवायला मी एकच वाक्य ठेवलं होतं: हा आकडा क्वालिटीचा नाही, जातीचा आहे. एक म्हणजे पेट, पाण्याच्या नि कोल्ड्रिंकच्या बाटल्या. एकदा वापरायच्या, गरम ओतलं की आक्रसतात. दोन म्हणजे जाड, दुधी, तेलाच्या कॅनचं प्लास्टिक, टिकाऊ. तीन पीव्हीसी. ते दिसायला पेटसारखं, पण पेटच्या पोत्यात चार बाटल्या गेल्या तरी वितळवताना सगळा माल पिवळा पडतो. म्हणून बूड बघायचं: पेटला मधोमध टिंब असतं, पीव्हीसीला आडवी रेघ. चार म्हणजे पन्नी, पातळ पिशव्या. पाच जेवणाचे डबे, गरम सोसणारे. सहा थर्माकोलचे आणि कडकडीत कप, त्यात गरम काही घ्यायचं नाही. सात म्हणजे उरलेलं सगळं. त्याच्यात काय काय असेल ते सांगता येत नाही.

माझ्या शेजारी एक मावशी बसायची. अक्षर ओळखत नव्हती, पण आकडे तिने आठ दिवसांत पाठ केले. फक्त दोनचं तिला पटेना.

“दोन नंबर चांगला कसा राहील, मॅडम? मंग एकाले एक काहून म्हनलं?”

मी दहा वेळा सांगितलं. शेवटी वैतागून म्हणाले, “मावशी, माह्यावर विश्वास आहे का नाही?” त्यावर ती हसली आणि म्हणाली, “आहे ना वं.” तेव्हापासून दोनचं सगळं ती वेगळं, हौसेने ठेवू लागली. मला बरं वाटलं, हे कबूल केलं पाहिजे. त्या कामात बरं वाटण्यासारखं फार काही नव्हतं.

शेडचा एक रिवाज होता. संध्याकाळी कोणाला कचऱ्यातलं काही घरी न्यायचं असेल तर ते माझ्यासमोर आणायचं. मी उलटं करून आकडा बघायची आणि हो किंवा नाही म्हणायची. पाच असेल तर ने, डब्याला होईल. सहा असेल तर ठेव. हा रिवाज मीच पाडला होता आणि त्याचा मला थोडा तोराही होता.

मे महिना होता. पत्रा इतका तापायचा की दुपारनंतर माझं डोकं चालायचं बंद व्हायचं. अशाच एका संध्याकाळी मावशी पाच लिटरची पांढरी कॅन घेऊन आली. मुठीची, घट्ट झाकणाची. लेबल खरवडलेलं.

“नेऊ का, मॅडम? पोरगी बाळंतपनाले आली आहे. घडीघडी उठा लागू नये तिले, म्हून उशाशी पानी ठेवीन.”

मी कॅन उलटी केली. दोन. ‘ने’ म्हणून मान हलवली. तेवढी मान हलवायला किती वेळ लागला असेल? मला घरी जाऊन पाय पसरायचे होते, बाकी काही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोत्यातून तशाच आणखी तीन कॅन निघाल्या. एकीवर लेबलचा तुकडा उरला होता: कोनावर उभा चौकोन, त्याचा खालचा अर्धा भाग पिवळा. मी शेतकऱ्याच्या घरची आहे. तो चौकोन फवारणीच्या औषधावर असतो, आणि खालचा पिवळा म्हणजे जहाल विष, लालच्या खालोखाल. असल्या कॅन आमच्याकडे यायलाच नकोत. कोणीतरी दुकान आवरताना घंटागाडीत टाकल्या असणार.

मावशी शेजारीच बसून बाटल्यांची झाकणं काढत होती. मी विचारलं, “कालच्या कॅनमध्ये पानी भरलं का?”

“सकाळीच भरलं. सोड्याने धुतली, गरम पान्याने खंगाळली. काहून?”

मी तुकडा दाखवला. तिला वाचता येत नव्हतं, पण माझा चेहरा वाचता आला. मुलगी फोन उचलेना. आम्ही ऑटो केला. रस्ताभर मी बोलत सुटले: आकडा प्लास्टिकची जात सांगतो, आत काय होतं ते नाही सांगत, औषध प्लास्टिकच्या अंगात मुरतं, धुऊन जात नाही. हे सगळं मला माहीत होतं. कालही माहीत होतं. मला माझीच किळस येत होती.

मुलगी कूलरसमोर पडली होती. फोन कूलरच्या आवाजात ऐकू आला नव्हता. कॅन उशाशी.

“पेली का वं यातलं?” मावशीने विचारलं.

“घोटभर. वास येऊन राहिला होता, म्हून ठेवून देली.”

सरकारी दवाखान्यात डॉक्टरांनी लेबलचा तुकडा पाहिला, मला चार शब्द सुनावले आणि मुलीला दिवसभर ठेवून घेतलं. बाकावर आम्ही दोघी बसून होतो. मावशी माझ्यावर ओरडली असती तर मला सोपं गेलं असतं. ती फक्त एकदा म्हणाली, “तुमाले दाखवूनच नेली होती.” त्यात राग नव्हता. मुलीला काही झालं नाही आणि संध्याकाळी तिला घरी सोडलं.

मावशीच्या घरची कॅन मी सोबत आणली होती; शेडमध्ये परत आल्यावर चारही कॅनना खिळ्याने भोकं पाडली, म्हणजे पुन्हा कोणी पाणी भरणार नाही. त्या वेगळ्या बांधून ठेवल्या. घरी वस्तू न्यायचा रिवाज बंद केला. बायका कुरकुरल्या. मावशी नाही कुरकुरली. तिने त्या दिवसापासूनच घरी काही न्यायचं सोडलं होतं. कामात तिचा हात पूर्वीसारखाच चालायचा, पण कुठल्याही वस्तूबद्दल तिने मला पुन्हा विचारलं नाही.

मुलीला मुलगा झाला. दोन किलो आठशे, धडधाकट. मी सीताबर्डीच्या बाजारात जाऊन बाळाच्या अंघोळीचा टब घेतला, हिरवा, कोरा, किमतीचा कागदही निघालेला नव्हता. दुकानात उलटा करून पाच आहे ना ते बघितलं. सवयच आहे ती.

टब घेऊन घरी गेले तेव्हा मावशीने मला बसवलं, पाणी दिलं, बाळ मांडीवर ठेवलं. टब हातात घेऊन तिने उलटा केला, आकड्यावरून बोट फिरवलं. मग टबात तोंड घालून वास घेतला.

“मॅडम, याच्यात आधी काय होतं?”

“काही नाही मावशी, नवा आहे. आत्ताच घेतला.”

“हो,” ती म्हणाली, आणि पुन्हा एकदा वास घेतला.