एका बकरीच्या दोन कंठ्या

सालेकशाच्या पुढे, रुळांच्या पलीकडे, कबीरपंथीयांचा एक लहानसा मठ होता. मी तेव्हा जवळच्या गावात मास्तर होतो. त्या मठात दोन म्हातारे साधू होते आणि मेल्यावर आपल्याला कुठे पुरायचं यावरून दोघे भांडत होते. जिवंत माणसांना दुसरं काही काम नसतं का, असं मी तोंडावर म्हणालो, तर दोघेही माझ्यावरच उखडले.

भांडणाचं कारण असं. जांभळाखाली त्यांच्या गुरूची समाधी होती. एका अंगाला विहीर, दुसऱ्या अंगाला एक माणूस मावेल एवढी जागा आणि त्याच्या लगेच पुढे गोठा. मठाची रीत अशी की गुरूच्या शेजारची जागा थोरल्या शिष्याची. थोरला म्हणजे वयाने नाही, ज्याच्या गळ्यात दीक्षेची कंठी आधी पडली तो. धाकट्याने दिसल्याबरोबर थोरल्याला 'साहेब बंदगी' म्हणायचं. आता हे दोघेही स्वतःला थोरले समजत, म्हणून कोणीच आधी बंदगी म्हणत नसे. समोरासमोर आले की दोघे आकाशाकडे बघत. पाऊसपाणी नसतानाही.

एक उंच, आमच्या झाडीपट्टीतलाच. दुसरा बुटका, डोंगरगडाकडचा, हिंदी बोलणारा. उंचाने त्या रिकाम्या जागेवर झेंडू लावला की बुटका दुसऱ्या दिवशी उपटून वांगी लावी. हरणाऱ्याच्या वाट्याला त्यापलीकडची, गोठ्याची जागा येणार होती, आणि जन्मभर शेणात बसणार नाही, असं दोघांचंही म्हणणं. जन्म संपल्यावरच तिथे जायचंय, हे त्यांना कोण सांगणार!

महंत बिचारे मऊ स्वभावाचे. दोघांच्या मध्ये बसून त्यांची वरणभातावरची वासना उडाली होती. शेवटी त्यांनी मला बोलावलं आणि म्हणाले, मास्तर, तुम्ही बाहेरचे, तुम्हाला मोडीही येते आणि हिंदीही. बह्या बघा आणि एकदाचा निकाल लावा.

बह्या म्हणजे नोंदवह्या, त्या दोन होत्या. कंठी बांधली की शिष्याचं नाव, बापाचं नाव, गाव आणि तिथी लिहून ठेवायची पद्धत. गुरू या भागात फिरतीवर येत तेव्हा इकडच्या गावांतल्या शिष्यांची नावं आमचे कारभारी मोडीत लिहीत, शकाच्या हिशेबाने. डोंगरगडाकडून आलेल्यांची नावं गुरूंचे मुनशी हिंदीत लिहीत, संवताच्या हिशेबाने. आजवर प्रत्येकाने आपलीच बही उघडली होती. दोन्ही शेजारी मांडून बघायची अक्कल कुणाला सुचली नव्हती.

मी दोघांची नावं शोधली. शकात एकशे पस्तीस मिळवले की संवत मिळतो. वर्ष एकच निघालं. उंचाच्या नावापुढे होतं फाल्गुन वद्य पंचमी. बुटक्याच्या नावापुढे चैत वदी पंचमी. चैत्र वर्षाच्या सुरुवातीला, फाल्गुन शेवटाला. बुटका जवळजवळ वर्षाने थोरला!

मी तोंडातून शब्द काढला नव्हता, पण उंचाने माझ्या चेहऱ्यावरून ओळखलं. त्या संध्याकाळी तो माझ्यामागे रुळांपर्यंत चालत आला. गुरूंनी त्याला लेकरासारखं वाढवलं होतं, त्यांच्या अखेरच्या दिवसांत यानेच त्यांचं सगळं केलं होतं. तो म्हणाला, "गुरुजी, मानपान जाऊ द्या चुलीत. मले फक्त त्यायच्या बाजूले झोपाचं हाय." एवढा उंच माणूस, आणि आवाज एवढासा.

त्याला बरं वाटावं म्हणून मी कंठी बांधली त्या दिवसाचं विचारलं. त्याने लगेच बकरीची गोष्ट काढली. दीक्षेच्या विधीचा चौका मांडला होता, पांढरं वस्त्र, नारळ, विड्याच्या पानांची चळत. ही तोबा गर्दी. आणि कुठूनशी एक कानतुटकी बकरी घुसली आणि सगळी पानं खाऊन गेली. नवीन पानं येईपर्यंत गुरू डोळे मिटून बसले, आणि बापाच्या मांडीवर बसलेलं हे पोर हसत सुटलं म्हणून त्याने चिमटा काढला.

मी जागच्या जागी थांबलो. कारण हीच कानतुटकी बकरी आठवड्यापूर्वी बुटक्याने मला त्याच्या दिवसाची म्हणून सांगितली होती! मठात सगळ्यांना माहीत होतं की दोघेही बकरी सांगतात. प्रत्येकाचं म्हणणं, दुसऱ्याने माझी बकरी चोरली. त्यावरूनही एकदा लोटे फेकून झाले होते.

आता एकच बकरी वर्षभराने पुन्हा येऊन पानं खाईल का? बकरीचा भरवसा नाही, पण मला चैन पडेना. दोन दिवसांनी शाळेच्या सामानासाठी गोंदियाला गेलो. होळी नुकतीच झाली होती. किराणा दुकानाच्या भिंतीवर हिंदी पंचांग टांगलेलं, त्यावर चैत्र चालू होता. मी शेटजींना म्हटलं, अहो, आमच्या घरी अजून फाल्गुन आहे. शेटजी म्हणाले, मास्तरजी, पुनव झाली की आमचा महिना बदलतो, तुमचा अमावास्येला. वदी पक्ष आमच्याकडे पुढच्या महिन्यात, नवीन साल मात्र तुमच्यासारखंच चैत सुदीला, म्हणजे पाडव्याला.

म्हणजे हिंदी बहीतली चैत वदी पंचमी वर्षाच्या अगदी शेवटी येणारी, आणि तीच आमची फाल्गुन वद्य पंचमी. रंगपंचमी! मी कपाळावर हात मारला आणि सामान तिथेच विसरून गाडी पकडली.

मठात दोघांना समोर बसवून मी सांगितलं की तुम्ही एकाच दिवशी, एकाच चौक्यात कंठी घेतली, नावं फक्त दोन चटयांवर दोन बह्यांत लिहिली गेली, आणि बकरी दोघांची आहे. मग बुटक्याने बकरीचा कुठला कान तुटका होता ते विचारलं. उंचाने सांगितलं डावा. बुटका म्हणाला, सही है. त्यानंतर दोघे असे हसले की गोठ्यातल्या गाई उठून उभ्या राहिल्या.

पण जागेचं काय? महंतांनी डोकं खाजवून निकाल दिला: जो आधी जाईल तो गुरूशेजारी. मला वाटलं, सुटलं. छे! दुसऱ्या दिवसापासून दोघे एकमेकांच्या जिवावर उठले, म्हणजे जीव वाचवायच्या मागे लागले. उंच खोकला की बुटका काढा घेऊन हजर. बुटका उन्हात निघाला की उंच त्याच्या डोक्यावर ओला पंचा टाकी. तुला आधी जाऊ देतो होय, म्हणत. एकमेकांच्या नाडीवर बोट ठेवून बसत. तेवढ्यात गप्पाही होत. बंदगीचा घोळ मात्र राहिलाच. थोरला कोण ते ठरलंच नव्हतं, म्हणून आधी कोणीच म्हणेना.

असं काही वर्षं चाललं. एका उन्हाळ्यात, मोहाची फुलं वेचणं संपत आलं होतं तेव्हा, उंच दुपारी झोपला तो उठला नाही. बुटका गावाकडे काढ्याची सुंठ आणायला गेला होता. परत आल्यावर तो खूप चिडला, धोका दिया म्हणाला, आणि सुंठ हातात तशीच धरून बसला.

उंचाला गुरूशेजारी ठेवलं. पावसाळ्याआधी मी मठात गेलो तर बुटक्याने गोठा दोन हात मागे सरकवून घेतला होता आणि ती जागा सारवून झेंडू लावला होता. मी म्हटलं, ही तर शेणाची जागा ना? तो म्हणाला, त्याच्या बाजूची आहे. मग समाधीपुढे वाकून मोठ्याने साहेब बंदगी म्हणाला. जन्मात पहिल्यांदा, आधी. मी बघतोय हे दिसल्यावर जरा ओशाळला.

"अब वो बोलता नहीं न, गुरुजी," तो म्हणाला. "तो मैंच पहले बोल देता हूँ."