बिनलेबलाच्या बाटल्या आणि डॉक्टरांचं पत्र

माझ्या थोरल्या भावाचं जिंतूरला बी-बियाणं आणि औषधांचं दुकान आहे. कीटकनाशकाची लेबल निघालेली बाटली तो गिऱ्हाइकाला फुकटसुद्धा देत नाही. "बिगर नावाचं औषध म्हंजे इख," असं तो काउंटरवर हात आपटून सांगतो. हे आधी सांगते, कारण पुढं त्यानं जे केलं त्याची किळस मला अजून येते.

मला शाळेत असल्यापासून साखरेचा आजार आहे. गोळ्यांवर भागणारा नव्हे, इन्सुलिनचा. सुई टोचल्याशिवाय मी जेवत नाही. दोन दिवस इन्सुलिन मिळालं नाही तर उलट्या सुरू होतील आणि मला उचलून दवाखान्यात न्यावं लागेल. उन्हाळ्यात लाईटचा भरवसा नाही, म्हणून घरी बाटल्या फ्रिजमध्ये कमी आणि मडक्यातच जास्त असतात. ओल लागून त्यांची लेबलं गळून पडतात. त्यामुळं मी खोके जपून ठेवते. औषधाचं नाव, मुदत, दुकानदाराची चिठ्ठी, सगळं खोक्यावरच असतं.

दादाच्या मुलाला, म्हणजे माझ्या भाच्याला, दिल्लीत नोकरी. त्याला मुलगी झाली, बारशाला विमानाची तिकिटं आली. दादा पहिल्यांदाच विमानात बसणार होता. नवा सफारी शिवला, गल्लीभर सांगून झालं. मी मात्र परभणीला डॉक्टरांकडं पत्र आणायला गेले. तिथल्या कंपाउंडरनं मान वर न करता छापील सर्टिफिकेट पुढं केलं: रुग्णास विश्रांतीची गरज आहे. त्याच्याकडं कागद मागणाऱ्या प्रत्येकाला रजाच हवी असते. मी म्हटलं, "मला विश्रांती नको, मला विमानात बसायचंय." मग डॉक्टरांनी स्वतः बसून पत्र टाईप केलं. तिकिटावर आहे तसंच माझं नाव, आजार, इन्सुलिनचं नाव, किती बाटल्या, किती सिरिंजा आणि सुया. विमानाच्या सामानाच्या कप्प्यात औषध गोठू शकतं, गोठलेलं इन्सुलिन वापरता येत नाही, बॅग हरवली तर रुग्णाच्या जिवाला धोका, प्रवासात डोस घ्यावा लागू शकतो, म्हणून हे सगळं रुग्णाच्या हातातल्या सामानातच असावं. खाली तारीख, सही, शिक्का, नोंदणी क्रमांक आणि त्यांचा मोबाईल.

दादानं पत्र वाचलं आणि तोंड वाकडं केलं. "विमानात चांगली चांगली लोकं असत्यात. तिथं सुया काढून बसणार हाय का तू? टाक की मोठ्या बॅगंत."

"पत्रात काय लिहिलंय ते वाचलं ना?"

"वाचलं. लय शिकलेली हायस तू, माहीत हाय."

निघायच्या सकाळी मी अंघोळीला गेले तेवढ्यात त्यानं माझी पिशवी "नीट भरून" ठेवली. बाटल्या स्टीलच्या डब्यात, ओल्या फडक्यात गुंडाळून. सुया साबणाच्या डबीत. खोके चुलीत. खोक्यावर मोठ्या अक्षरांत औषधाचं नाव असतं, ते कुणाच्या नजरेला पडू नये म्हणून. खोके नाहीत हे मला कळलं ते विमानतळावर, तेही सगळ्यांसमोर; चुलीचं तर नंतर.

विमान कंपनीच्या खिडकीतल्या पोरीनं आधी तेच सांगितलं, सुया मोठ्या बॅगेत टाका. मी पत्र पुढं केलं. तिनं दोनदा वाचलं, तिच्या साहेबांना विचारून आली आणि म्हणाली, ठीक आहे, हातात ठेवा, आत तपासणीवाल्यांना आधीच दाखवा. दादा तेवढ्या वेळात चार हात लांब जाऊन जाहिरातीची पाटी वाचत उभा होता.

आत गेल्यावर मी आपणहून सांगितलं, ट्रेमध्ये डबा आणि पत्र वेगळं ठेवलं. तपासणीच्या बाईंनी डबा उघडला. ओलं फडकं दोन बोटांच्या चिमटीत उचललं. खाली चार उघड्या बोडक्या बाटल्या.

"पत्रात नाव आहे," त्या हिंदीत म्हणाल्या, "बाटलीवर कुठे आहे?"

त्यांचं चुकत नव्हतं. बाटलीत पाणी आहे की आणखी काही, हे त्यांनी माझ्या तोंडाकडं बघून ओळखावं का? त्यांनी पुढचा प्रश्न विचारला, तो तिथं सगळ्यांनाच विचारतात. "हे तुम्ही स्वतः भरलंय, की कुणी भरून दिलं?"

मी खरं सांगितलं. "माझ्या भावानं भरलं. ते बघा, तिथं." दादा पट्टा घालत पलीकडं उभा होता. बाईंनी त्याला हाक मारली. "हा डबा तुम्ही भरला?"

दादानं माझ्याकडं बघितलंच नाही. सफारीचं बटण लावत म्हणाला, "मेरेकू कुछ मालूम नई मॅडम. उनका सामान वो देखते."

उनका! घरी मला "ए येडे" म्हणणारा माझा सख्खा भाऊ! मला त्याच्या अंगावरच्या अत्तराचा वास नकोसा झाला. बाटल्या इथंच टाकून जा म्हणाले असते तर मी विमानात पाय ठेवला नसता, आणि हा गडी खिडकीची जागा धरून बसला असता, याबद्दल मला तिळमात्र शंका नाही. मागच्या रांगेतली एक बाई आपल्या नवऱ्याला म्हणाली, गोड खाऊन खाऊन आजार ओढवून घेतात.

आता दोघांचं सांगणं जुळत नव्हतं. बाईंनी मला बाजूला बसवलं, साहेबांना बोलावलं. साहेबांनी पत्र वाचलं, शिक्का बघितला आणि खालचा नंबर फिरवला. डॉक्टर ओपीडीत होते तरी त्यांनी उचलला. माझं नाव, औषध, बाटल्या, सुया, सगळं पत्राबरहुकूम निघालं. साहेबांनी सुया मोजल्या, बाटल्या उजेडात धरून बघितल्या, पुन्हा मशिनमधून काढल्या. डबा परत देताना म्हणाले, "पुढच्या वेळी खोके फेकू नका, ताई." मी मान हलवली. फेकणारा एव्हाना चहाच्या रांगेत होता.

विमानात दादा घोरला. मी डबा मांडीवर धरून बसले.

बारशाला घर भरलं होतं. भाच्याच्या सासरचे, आमच्याकडचे, ऑफिसातले. पाळणा झाला, पानं वाढली, आणि दादाला रंग चढला. "अवो, हिची तर विमानतळावर लय गोची झाली व्हती. सुया-बिया घेऊन निघालेली. पोलिसांनी धरलं. म्या फुडं झालो, डॉक्टरचं पत्र दाखविलं, म्हणलं माझी बहीण हाय, हात लावायचा न्हाई. तवा कुठं सोडलं."

लोक कौतुकानं मान डोलवायला लागले. भाचा म्हणाला, "बाबा होते म्हणून बरं झालं, आत्या." माझं पान तसंच समोर होतं. सुई घेतल्याशिवाय मला घास घेता येत नव्हता, आणि दादाच्या अब्रूखातर मी नेहमी त्यासाठी न्हाणीघरात जाते.

त्या दिवशी गेले नाही. डबा तिथंच पानाशेजारी उघडला. बाटलीचं बूच पुसलं, सिरिंजमध्ये औषध ओढलं, पदर सारून पोटाला सुई टोचली. भाच्याच्या सासूनं नजर खाली घातली. मी सुईला टोपण लावलं, आणि ती बिनलेबलाची बाटली दादाच्या पानात, लाडवाशेजारी ठेवली.

"सांग दादा सगळ्यांना," मी म्हटलं, "ही खोक्यातून काढून डब्यात कुणी भरली?"